मदत हवी आहे: कढीपत्त्याला सायला कीड की लोहाची कमतरता?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ जांभ्याच्या जमिनीत, परसात चार वर्षांचा कढीपत्ता आहे. तीन फोटो टाकलेत.

पहिल्यात पानं कडेपासून कुरतडलेली, कुठे नुसती मधली शीर उरलीय. पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी होतं, काडीने डिवचलं तर शिंगं बाहेर काढली! म्हणजे लिंबावरच्या फुलपाखराची अळी. ती वेचून टाकतोय.

खरा घोळ पुढच्या दोन फोटोंचा. दुसऱ्यात कोवळे शेंडे मुरडलेत, त्यांवर पांढरे मेणचट धागे आणि खालची पानं चिकट. हा सायलाच ना? तिसऱ्यात मात्र शेंड्याची पानं सपाट, न मुरडलेली, पण पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी पानं ठीक आहेत. नत्र कमी असतं तर आधी जुनी पिवळी पडली असती, म्हणून मला लोहाची शंका येते. झाड न्हाणीच्या सांडपाण्यावर आहे. साबणाच्या पाण्याने असं होतं का? की हेही सायलाचंच काम? शेणखत घालून फरक पडला नाही.

पानं रोज आमटीत जातात, तेव्हा विषारी फवारा सुचवू नका. पानाच्या मागच्या बाजूचा जवळून फोटो हवा असल्यास उद्या सकाळी टाकतो.