दुसरी शाखा: समा की भायली? (आणि बँकेला द्यायचा स्वॉटचा कागद)

मृणाल, दांडिया बाजार

नमस्कार मंडळी,

आमचं बडोद्यातलं फराळाचं दुकान मराठी मंडळाच्या या लिस्टवरच्या बऱ्याच जणांना माहीत आहे. सासूबाईंनी घरातून भाजणी नि चकली विकायला सुरुवात केली, आता मागे किचन आणि पुढे काउंटर असं आहे. दुसरी शाखा काढायचं चाललंय. दोन जागा बघितल्यात, एक समा-सावली रोडला तळमजल्यावर आणि दुसरी वासणा-भायली रोडला नव्या कॉम्प्लेक्समध्ये. नवीन ठिकाणी फक्त काउंटर, माल सगळा इथल्याच किचनमधून जाणार. बँकेच्या साहेबांनी सांगितलंय की लोनच्या फाइलला स्वॉटचा कागद लावा आणि सरकारी, आर्थिक, सामाजिक परिस्थितीचं पण लिहा. मी लिहिलंय ते असं. ताकद: चव, क्वालिटी, जुनं नाव. कमजोरी: माणसं कमी, जाहिरात नाही. संधी: शहर वाढतंय. धोका: कॉम्पिटिशन, महागाई. दसऱ्याला उघडायचा विचार आहे. कुणी वाचून सांगाल का काय राहिलंय?

संदीप, मांजलपूर

मृणाल, संधीमध्ये सगळ्यात मोठी गोष्ट राहिली, टाटा-एअरबस! २८ ऑक्टोबर २०२४ ला दोन देशांचे पंतप्रधान येऊन उद्घाटन करून गेले, ४० विमानं इथे बनणार आहेत, वर बुलेट ट्रेनचं स्टेशन पण येतंय. बाहेरून हजारो लोक येणार, पगार चांगले, घरी स्वयंपाकाला वेळ नाही. माझ्या मते विचार करत बसू नये, समाची जागा घेऊन टाकावी, पुढच्या वर्षी भाडं दुप्पट झालेलं असेल.

सुलभाताई, कारेलीबाग

फार आनंद झाला, मी गेली कितीतरी वर्षं म्हणतेय की मंडळाची शाखा भायलीकडे पण हवी, तिकडच्या मुलांना मराठीच्या वर्गाला इतक्या लांब कोण आणणार. हॉलसाठी मी दोन सोसायट्यांशी बोलू शकते, शनिवारची संध्याकाळ चालेल का?

मृणाल

सुलभाताई, मंडळाची नाही हो, आमच्या दुकानाची शाखा 🙂 पण तुमची त्या सोसायट्यांमध्ये ओळख आहे ते फार कामाचं आहे, मी फोन करते.

विनायककाका, राजमहाल रोड

मृणाल, बँकेत असताना असे कागद माझ्या टेबलावरून खूप गेले म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुझ्या कागदात खोटं काही नाही, पण हाच कागद चपलेच्या दुकानाला लावला तरी चालेल आणि सुरतच्या शाखेलाही चालेल. तो समासाठी वेगळा आणि भायलीसाठी वेगळा निघाला पाहिजे, तरच त्यावरून काही ठरवता येतं.

आधी ताकद घे. प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचार, ही माझ्याबरोबर नव्या जागेत येते का? भाजणीचं प्रमाण येतं, तेलवाल्याकडची उधारी येते. पण दांडिया बाजारात पायी येणारं मराठी गिऱ्हाईक, सासूबाई स्वतः काउंटरवर बसून "ही चकली आज सकाळची" असं सांगतात ते, तिन्हीसांजेची रस्त्यावरची वर्दळ, हे काहीच तिकडे येत नाही. जुनं नाव म्हणतेस ते भायलीला किती जणांना माहीत आहे? तुझ्या बिलिंग मशीनमध्ये फोन नंबर असतील आणि घरपोचच्या वहीत पत्ते असतील, त्यातून गेल्या वर्षभरातले वासणा-भायलीचे आणि समाचे वेगवेगळे काढ. हे लोक दोन ठिकाणी मोजावे लागतात. नाव पोचलंय याचा पुरावा म्हणून ते ताकदीत येतात, पण उद्या ते तुझ्याच एका दुकानातून उठून तुझ्याच दुसऱ्या दुकानात जातील, म्हणून कमजोरीतही येतात.

संदीप, एअरबसचं तू म्हणतोस ते खरं आहे, कारखाना मोठाच आहे. पण कारखाना म्हणजे गिऱ्हाईक नाही. एवढ्या मोठ्या कारखान्याला आत कँटीन असतं, माणसं बसने येतात-जातात. ती राहतात कुठे आणि संध्याकाळी सहा ते नऊ कुठल्या रस्त्याने घरी जातात, तिथे आपलं दुकान आहे का, तर ती संधी. बुलेट ट्रेनचा समाच्या फरसाणाशी काय संबंध मला दिसत नाही, शिवाय भाडं वाढणार म्हणतोस ते भाडेकरूसाठी धोक्याच्या रकान्यात जातं, संधीच्या नाही.

आता धोका. नुसतं "महागाई" लिहून बँकेला काही कळत नाही. तुझा सगळ्यात मोठा कच्चा माल तेल. १४ सप्टेंबर २०२४ ला सरकारने कच्च्या खाद्यतेलावरची एकूण आयात ड्युटी ५.५ वरून २७.५ टक्के केली, ऐन दिवाळीच्या तोंडावर, आणि मे २०२५ च्या शेवटी खाली आणून १६.५ केली. तू सिंगतेल वापर की कपाशिया, आयात तेल वर गेलं की इथलंही वर जातंच. असा बाहेरचा निर्णय एका रात्रीत होतो, म्हणून त्याचा आकडा आधीच काढून ठेवायचा. मला तुझा महिन्याचा खर्च दोन ओळीत पाठव.

मृणाल

काका, भायलीचं असं धरलंय: भाडं ४२ हजार, काउंटरच्या दोघांचा पगार ३२, लाइट ९, रोज माल पोचवायचा टेम्पो ७. माल, तेल, पॅकिंग आणि किचनची मजुरी जाऊन रुपयातले ३० पैसे उरतात. सरासरी बिल १२० रुपये.

हर्षद, समा

मी समाचाच, म्हणून सांगतो. संदीपभाई तुम्ही मांजलपूरला राहता. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी २६ आहे, आमच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या आणि तळमजल्याची दुकानं पाणी उतरल्यावरही कित्येक दिवस सुरू झाली नाहीत, फ्रिज गेले, पिठाची पोती गेली, चिखलाचा वास जात नव्हता. मृणालताई, जागेच्या मालकाला विचारू नका, तो म्हणेल इथे कधीच पाणी येत नाही. बाजूच्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा, आणि भिंतीवरचे लाइटचे मीटर बघा, पूर आलेल्या बिल्डिंगांमध्ये बऱ्याच जणांनी मीटर वर सरकवून घेतलेत, त्यावरून लगेच कळतं. सगळा समा बुडत नाही, एक गल्ली कोरडी आणि पुढची कमरेएवढी असं असतं. २०२५ ला पावसाळ्याआधी नदीचा गाळ काढून पात्र रुंद केलंय, त्याने फरक पडेल असं मला मनापासून वाटतं, पण २०२४ सारखा पाऊस परत पडून बघितल्याशिवाय कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

विनायककाका

हर्षदने लिहिलं तसंच धोक्याच्या रकान्यात लिहायचं, गल्लीसकट. आणि दुकानदारीचा विमा घेताना पूर त्यात आहे ना ते वाचून घे. छोट्या धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा म्हणून पॉलिसी आहे, त्यात पूर येतो, पण ती मालाचं नि सामानाचं नुकसान भरते, दुकान बंद राहिलं त्या दिवसांचा गल्ला भरून देत नाही.

आता हिशोब. तुझा बांधील खर्च महिन्याला ९० हजार. रुपयाला ३० पैसे उरतात म्हणजे ३ लाखांची विक्री झाली तर ना नफा ना तोटा. रोजचे १० हजार, १२० च्या बिलाने साधारण ८४ बिलं. तेल वाढून ३० चे २७ पैसे झाले, भाव तू वाढवला नाहीस, तर विक्री ३ लाख ३३ हजार लागते, रोज ९३ बिलं. "महागाई" या शब्दाचा तुझ्यापुरता अर्थ म्हणजे रोजची ही नऊ जास्तीची गिऱ्हाइकं. आणि समज रोज २० जण असे आले जे आधी दांडिया बाजारला यायचेच, तर ती २० बिलं धरायची नाहीत, ८४ नवीन पाहिजेत, काउंटरवर १०४ दिसली पाहिजेत. नवीन शाखेचा गल्ला भरलेला दिसतो आणि घरात पैसा वाढत नाही असं होतं ना, ते बहुतेक वेळा यानेच होतं. म्हणून पहिले सहा महिने दोन्ही दुकानांची बेरीज बघायची.

दसऱ्याचं मला पटत नाही. दसऱ्यानंतर वीसेक दिवसांत दिवाळी, तेव्हा तुझं किचन आत्ताच पूर्ण भरलेलं असतं. त्याच हातांनी दोन काउंटरना माल पुरवायचा तर दोन्हीकडे "संपलं" सांगावं लागेल, आणि नव्या एरियात पहिल्याच फेरीला "संपलं" ऐकलेलं माणूस परत येत नाही. शिवाय पहिला महिना दिवाळीचा गेला तर आकडे एवढे फुगतात की जागा चालते का नाही ते संक्रांतीपर्यंत कळत नाही. मी तरी दिवाळी होऊन जाऊ देईन.

आणखी एक, जागेचे कागद. राजकोटच्या गेमझोनला २५ मे २०२४ ला आग लागली त्यानंतर राज्यभर फायर एनओसी आणि बीयू, म्हणजे बिल्डिंग वापरायची परमिशन, तपासून कॉम्प्लेक्सच्या कॉम्प्लेक्स सील केले होते. भायलीचं नवं कॉम्प्लेक्स आहे म्हणतेस, बीयूची कॉपी हातात आल्याशिवाय टोकन देऊ नकोस.

संदीप

काका, बीयूचं मान्य, आणि पुराचं मला खरंच माहीत नव्हतं. पण दिवाळी सोडायची म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोठा सीझन हातचा घालवायचा, हे मला पटत नाही. दिवाळीत लोक नवीन दुकान ट्राय करतात, बाकी वर्षभर सवयीच्या ठिकाणी जातात. ऑर्डर आगाऊ घेऊन तेवढाच माल करावा.

अमेय, न्यू जर्सी

मी मूळचा रावपुऱ्याचा, लिस्ट अजून वाचतो. वहिनी, खरी संधी इकडे आहे! नव्या शाखेतून कुरियरने फराळ पाठवायचं सुरू करा, आमच्याकडच्या वीस घरांची ऑर्डर मी एकटा गोळा करून देतो, मुंबई-पुण्याचे लोक पण घेतील.

विनायककाका

अमेय, मागणी आहे यात शंका नाही. पण मृणाल, तू जीएसटीत कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सोप्या योजनेत आहेस ना? त्यात राज्याबाहेर माल विकता येत नाही, पुणं नाही आणि न्यू जर्सीही नाही. आणि कंपोझिशनची दीड कोटीची मर्यादा एका पॅनवरच्या सगळ्या दुकानांची मिळून असते, तेव्हा दुसरी शाखा चांगली चालली तर तू तशीच त्यातून बाहेर पडशील. त्याची तयारी आधी करायची की नंतर, हे तुझ्या सीएला विचार. सप्टेंबर २०२५ पासून नमकीनचा जीएसटी १२ चा ५ झालाय, त्यामुळे रेग्युलरमध्ये जाणं पूर्वीइतकं जड नसेल, पण तुझ्या पक्क्या आकड्यांशिवाय मी सांगणार नाही.

मृणाल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून पत्ते काढले. वासणा-भायलीचे बरेच निघाले, समाचे अगदीच थोडे, आणि भायलीचे जवळजवळ सगळे दिवाळी नि गणपतीतच येणारे आहेत, एरवी नाहीत. म्हणजे तिकडे नाव आहे पण रोजची सवय नाही. रोज ८४ लोक चकली घेणार नाहीत हे मलाही कळतंय, मग काउंटरवर सकाळी पोहे-साबुदाणा खिचडी ठेवावी का, पण मग तिथे गॅस आला, आणि एफएसएसएआयचं लायसन्स तसंही दोन्ही जागांचं वेगळंच लागतं, त्यात तिथे शिजवणार हे लिहावं लागेल आणि फायरचं पण परत बघावं लागेल.

समा यादीतून काढलं. दसरा की दिवाळीनंतर यावर घरात दोन पार्ट्या झाल्यात, सासूबाई काकांच्या बाजूला आणि नवरा संदीपच्या. भायलीच्या मालकाकडे बीयू मागितली तर म्हणाला "आवी जशे", अजून आलेली नाही. सुलभाताई, तुमच्या त्या दोन सोसायट्यांमध्ये मराठी घरं किती आणि सकाळी घरी नाश्ता कोण बनवतं हे विचाराल का? शनिवारी मीच येते तुमच्याबरोबर.

सुलभाताई

ये ना. एक सोसायटी बरीचशी गुजराती आणि जैन आहे, चातुर्मासात त्यांना बटाटा चालणार नाही, तुझ्या पोह्यात कांदाही नको. दुसरीत आपली माणसं आहेत. साडेपाचला कॉम्प्लेक्सच्या चार रस्त्यावर भेटू, तेव्हाच लोक ऑफिसातून यायला लागतात, तुला मोजता पण येतील.