माहूरला जायचंय: घरची गाडी की लालपरी?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. येत्या शनिवार-रविवारी नागपूरहून माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जायचंय. आम्ही चौघं: बाबा ७६ वर्षांचे, आई ६९ ची, बायको आणि मी.

एका बाजूनं जवळपास सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन साडेचारशे. आमची गाडी लिटरला पंधरा देते, तेव्हा तीस लिटर पेट्रोल आलं. तीन हजारांच्या वर, टोल वेगळा. एसटीचं गणित मात्र गमतीचं आहे. बाबांना पंचाहत्तरीपुढची सवलत, म्हणजे प्रवास फुकट. आई आणि बायको अर्ध्या तिकिटात. पूर्ण तिकीट माझं एकट्याचं. चार माणसं, भाडं दोघांचं! (बाबांचं आधार कार्ड मात्र न विसरता घ्यावं लागेल.)

पैशांत एसटीच जिंकते. अडतंय ते माहूरच्या स्टँडपासून पुढे. रेणुकागड, दत्तशिखर आणि अनसूया ही ठिकाणं वेगवेगळ्या डोंगरांवर आहेत, आणि बाबांचे गुडघे दुखतात. स्वतःची गाडी असली की थांबत-थांबत जाता येतं. पण मग येताना-जाताना सगळं ड्रायव्हिंग माझ्याच गळ्यात, कारण दुसरं कोणी चालवत नाही.

तर सांगा: तिन्ही शिखरांसाठी स्टँडवर जीप किंवा ऑटो सहज मिळतो का, चौघांचे किती घेतात? गणेशपेठहून थेट गाडी पकडावी की यवतमाळला बदलावी? आणि रविवारी परतीला बसायला जागा मिळते का? बाबांना उभं राहून आणणं जमणार नाही.