स्टॉप आणि टार्गेट एकदम लावून कामाला जावं का?

अलकापुरी: माझी नोकरी आहे, दिवसभर स्क्रीन बघता येत नाही. इंट्राडेमध्ये खरेदी करताना तोटा थांबवणारा स्टॉप आणि नफ्याचं टार्गेट, विक्रीच्या दोन्ही ऑर्डर एकदम लावते आणि कामाला लागते. पण ऑर्डर अर्धीच भरली तर त्या दोन्हींचं काय होतं? असं सोडून जाणं बरोबर आहे का?

रावपुरा: बिनधास्त जा, ताई. ओसीओमध्ये, म्हणजे अशा जोडीच्या ऑर्डरमध्ये, एक लागली की दुसरी एक्स्चेंजच रद्द करतं. हाताने करायला गेलं की माणूस भाव पडताना स्टॉप खाली सरकवत बसतो आणि पैसा तिथेच जातो. मशीन सरकवत नाही.

दांडिया बाजार: स्टॉप सरकवण्याचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण एक्स्चेंज काही रद्द करत नाही. एनएसई-बीएसईच्या लेखी त्या दोन वेगळ्या विक्रीच्या ऑर्डर आहेत. त्यांची गाठ ब्रोकरच्या सर्व्हरवर असते आणि अर्धवट भरताना नेमकी तीच ताणली जाते.

उदाहरण घ्या. ताईंनी २१० ला ६०० शेअरची लिमिट खरेदी लावली. स्टॉप २०६, टार्गेट २१८. भरले ३५० आणि भाव वर निघून गेला. आता स्टॉप आणि टार्गेट दोन्ही ३५० चेच हवेत. सिस्टीम पूर्ण ६०० भरायची वाट बघत बसली, तर हातातल्या ३५० ला स्टॉपच नाही. आणि स्टॉप आधीच ६०० चा लावला असेल, तर २०६ ला ६०० विकले जातील आणि हातात नसलेल्या २५० शेअरची शॉर्ट पोझिशन अंगावर येईल.

पुढे २१८ ला १३० विकले गेले आणि भाव उलटला. उरले २२०. पहिल्या फिललाच स्टॉप रद्द करणारी सिस्टीम असेल, तर हे २२० उघडे पडले. स्टॉप ३५० चाच राहिला, तर तो लागल्यावर १३० शॉर्ट. तो २२० वर आणायला ब्रोकरकडून दुरुस्ती जावी लागते आणि जोरात पडणाऱ्या भावात ती पोचायच्या आत स्टॉप लागू शकतो.

आणखी एक, जे सहसा कुणी बघत नाही. खरेदीचे न भरलेले २५० अजून पेंडिंग आहेत. ३५० टार्गेटला निघून गेल्यावर भाव परत २१० ला आला, तर ते भरतील आणि सौदा संपला असं समजून ताई ऑफिसच्या मीटिंगमध्ये असतील. बाहेर पडायची पहिली फिल आली की उरलेली खरेदी रद्द झालीच पाहिजे.

मांजलपूर: माझंही असंच झालं होतं. डिलिव्हरीचे शेअर होते, जीटीटी ओसीओ, म्हणजे ट्रिगर लागेपर्यंत ब्रोकरकडे थांबणारी जोडी, लावली होती. सकाळी भाव स्टॉपच्या बराच खाली उघडला. ट्रिगर लागला, टार्गेटची बाजू रद्द झाली, पण माझी विक्रीची लिमिट वरच राहिली. शेअर तसेच पडून. अर्धवट भरण्याचाच प्रकार ना हा?

दांडिया बाजार: नाही काका, तुमचं काहीच भरलं नव्हतं. जीटीटीत ट्रिगर लागेपर्यंत एक्स्चेंजकडे ऑर्डर जातच नाही आणि ट्रिगर लागताच दुसरी बाजू रद्द होते, मग पहिली भरो वा न भरो. लिमिट ट्रिगरच्या बरीच खाली ठेवायला हवी होती. तरी फार मोठा गॅप असला तर तीही पुरत नाही.

निजामपुरा: मी एपीआयवरून, म्हणजे स्वतःच्या प्रोग्राममधून सौदे करतो आणि विक्रीच्या दोन ऑर्डर एका वेळी ठेवतच नाही. एक्स्चेंजकडे फक्त स्टॉप. भाव २१८ ला आला की तीच ऑर्डर बदलून २१८ ची लिमिट करायची; अर्धी भरून भाव फिरला की उरलेल्यांचा परत स्टॉप. जास्त विक्री होण्याचा प्रश्नच मिटतो. दोन्ही विक्रींचं मार्जिन वेगवेगळं मागणाऱ्या ब्रोकरकडेही हे चालतं.

रावपुरा: आणि २१८ च्या रांगेत तुम्ही सगळ्यात मागे! आमचं टार्गेट सकाळपासून तिथे उभं असतं. भाव क्षणभर शिवून फिरला तर आमचे शेअर विकले जातात, तुमचे राहतात. शिवाय ऑर्डर लिमिट झाली तेवढा वेळ तुमचा स्टॉप कुठे असतो?

निजामपुरा: नसतो, कबूल. पण तेव्हा भाव स्टॉपपासून १२ रुपये वर असतो. टार्गेट हुकलं तर थोडा नफा जाईल. ऑफिसात बसलेलं असताना नकळत शॉर्ट झालेले १३० शेअर मला जास्त महाग वाटतात.

रावपुरा: भरपूर उलाढालीच्या शेअरमध्ये ३५० शेअर एका झटक्यात भरतात. तुम्ही पातळ शेअरचा नियम सगळ्यांना लावताय.

अलकापुरी: माझे शेअर पातळच असतात, म्हणून तर विचारलं. माझ्या ब्रोकरकडे नेमकं काय होतं हे कसं ओळखू?

दांडिया बाजार: पातळ शेअरमध्ये थोड्या नगांचा सौदा लावा, ऑर्डर बुक उघडी ठेवा. खरेदी अर्धी भरताच स्टॉपपुढचा आकडा बघा. टार्गेट अर्धं भरेल तेव्हा परत बघा. त्या क्षणी हातातले नग आणि स्टॉपचे नग जुळले नाहीत, तर त्या ब्रोकरकडे ही सोय वापरू नका. नुसता स्टॉप लावा आणि टार्गेटला भावाचा अलर्ट ठेवा.

रावपुरा: अलर्ट मीटिंगमध्ये वाजला तर उचलणार कोण?