स्नेहमेळाव्याच्या निमंत्रणात पैशांची गोष्ट आधी की नंतर?

पुणेकर (मूळ पोस्ट): आमच्या बॅचला 25 वर्षे झाली म्हणून डिसेंबरमध्ये मेळावा आहे. निमंत्रणाचा जो मसुदा गटावर आला त्यात निम्मा मजकूर शुल्क, मुदत आणि परतावा यांचाच आहे. हे मित्रांना बोलावणे आहे की निविदा? आधी प्रेमाने बोलवावे, किती जण येतात ते पाहावे आणि पैशांचे नंतर ठरवावे, असे मला वाटते.

माजी खजिनदार: ‘पैशांचे नंतर’ याची किंमत मी स्वतः भरली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या वेळी गटावर नव्वद जणांनी ‘येणार’ असे कळवले. हॉल, ध्वनिव्यवस्था आणि छायाचित्रकार मिळून 90,000 रुपये होत होते आणि ताट व भेटवस्तू मिळून माणशी 1,000. आम्ही नव्वदने भागून 2,000 रुपये वर्गणी ठरवली आणि केटररला नव्वद ताटे सांगितली. प्रत्यक्षात पैसे भरून आले साठ जण. जमा 1,20,000, खर्च 1,80,000. उरलेले साठ हजार आम्हा चौघांनी खिशातून घातले.

आता मी वर्गणी कमीत कमी उपस्थितीवर धरायला सांगतो. साठ जण धरले तर हॉल वगैरेचे 1,500 आणि ताटाचे 1,000, असे 2,500 होतात. हे दोन आकडे निमंत्रणात वेगळे लिहिले की परताव्याचा वादच उरत नाही: केटररला अंतिम संख्या कळवण्याच्या दिवसापर्यंत नाव मागे घेतले तर ताटाचे हजार परत मिळतील, हॉलचे मिळणार नाहीत. साठाच्या वर माणसे आली तर शिलकीचे काय करणार, तेही तिथेच लिहावे.

आपुलकीच्या दोन ओळी जरूर असाव्यात, परंतु व्हॉट्सअ‍ॅपवर लांब संदेश दुमडला जातो, म्हणून तारीख, ठिकाण आणि मुदत त्याआधी यावी. ‘येत्या रविवारपर्यंत’ असे लिहू नये, कारण तो संदेश पुढच्या आठवड्यातही कोणीतरी पुढे पाठवतो.

मस्कतवासी: परदेशातून यूपीआय चालतच नाही, त्यामुळे आमच्यासाठी वेगळी सोय लिहायला हवी.

माजी खजिनदार: अगदीच चालत नाही असे नाही. एनआरई किंवा एनआरओ खाते असेल तर काही देशांच्या मोबाइल क्रमांकांवर ते चालते. तरीही बँक खात्याचा तपशील द्यावा, हे तुमचे म्हणणे रास्त आहे.

सातारकर मैत्रीण: हिशेब पटला, परंतु नोंदणीबद्दल कोणीच बोलत नाही. मी पैसे नवऱ्याच्या खात्यातून भरले आणि कॉलेजात माझे आडनाव वेगळे होते. आयोजकाला बँकेच्या नोंदीत माझे नाव सापडले नाही, म्हणून ‘पैसे न भरलेले’ या यादीत माझे नाव दोनशे जणांच्या गटावर झळकले. तीन फोन केल्यावर ते निघाले. अर्जात कॉलेजातले नाव, शाखा, पैसे कोणाच्या खात्यातून गेले आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, एवढ्या चार गोष्टी विचारल्या असत्या तर हे घडले नसते.

माजी खजिनदार: म्हणूनच आधी पैसे भरावेत आणि मग अर्ज भरावा, असा क्रम मी लिहितो, अर्ज भरताना क्रमांक हाताशी असतो. यादीबाबत मात्र मी ठाम आहे. ती लावल्याशिवाय लोक पैसे भरत नाहीत.

सातारकर मैत्रीण: म्हणजे आम्ही चारचौघांत अपमान झाल्याशिवाय पैसे देत नाही, असे आपले म्हणणे आहे का? हे बोलणे मला अजिबात आवडले नाही.

नांदेडकर: मी सहसा लिहीत नाही. त्या वर्षी माझी नोकरी गेली होती आणि अशीच यादी रोज सकाळी गटावर यायची. तिसऱ्या दिवशी मी गट सोडला. वसतिगृहात चार वर्षे एका खोलीत राहिलेला मित्र त्या मेळाव्याला आला होता आणि मी घरी होतो. निमंत्रणात ‘वर्गणीची अडचण असल्यास अमुक व्यक्तीला खासगीत कळवा, कोणालाही कळणार नाही’ एवढे एक वाक्य असते, तर मी फोन केला असता.

माजी खजिनदार: हे मला कधी सुचले नव्हते. न भरलेल्यांची यादी नको, हे मान्य. भरलेल्यांची यादी मात्र मी लावीनच, कारण आपले पैसे पोहोचले का हे लोकांना पाहायचे असते.

सातारकर मैत्रीण: भरलेल्यांच्या यादीत जो दिसत नाही तो कोण, हे काय कोणाला कळत नाही? पैसे पोहोचल्याचे ज्याला त्याला वेगळे कळवा.

माजी खजिनदार: दोनशे जणांना एकेक संदेश कोण पाठवणार? आपण आयोजन करून पाहा.

पुणेकर: शुल्काचे दोन भाग दाखवण्याचे मी मान्य करतो, जरी मसुद्याची भाषा मला अजूनही कोरडी वाटते. नांदेडकरांचे वाक्य आज रात्रीच त्यात घालतो. त्यासाठी कोणाचा क्रमांक द्यायचा, हे आयोजकांना विचारावे लागेल, कारण ज्याच्यापाशी अडचण मोकळेपणाने सांगता येईल असा माणूस खजिनदारच असेल असे नाही.