अनुभव धागा: १० किमीची तयारी करताना कुठे अडलात, परत कसे सुरू केलंत?

होटगी रोडकर: वय ४२, ऑक्टोबरात शून्यापासून सुरुवात. मंगळवार, गुरुवार, रविवार पळायचं, बाकी दिवस पायांना सुट्टी. पहिल्या आठवड्यात १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असं १० वेळा, संभाजी तलावाजवळ. सहाव्या आठवड्यात सलग २० मिनिटं जमली आणि मला हुरूप आला. रविवारचे ३ किमी एकदम ६ केले, सुट्टीच्या सोमवारीही पळाले. बुधवारी जिना उतरताना डाव्या नडगीची आतली कड ठणकायला लागली. २ आठवडे पळणं बंद आहे. जानेवारीत १० किमीची स्पर्धा आहे. तुमचे अनुभव लिहा.

पहाटपळ्या: मलाही झालं होतं. बूट बदलले, गेलं. तुम्हीही बूट बघा, पळणं थांबवू नका, सवय मोडते.

जुना भिडू: झिजलेले बूट बदलावेतच, पण दुखत असताना पळू नका. माझी तीच चूक ३ महिन्यांना पडली. दम लवकर वाढतो, हाड मागे राहतं. म्हणून सहाव्या आठवड्यात आपल्याला वाटतं की सगळं जमतंय. बोटाने नडगी दाबून बघा. वीतभर पट्टा दुखत असेल तर विश्रांतीने बहुधा बसतं. रुपयाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. हाडांच्या डॉक्टरांकडे जा. माझी चीर पहिल्या एक्स-रेत दिसलीच नव्हती.

चालताना अजिबात दुखेनासं झालं की आधी अर्धा तास भरभर चाला. दुसऱ्या दिवशी सकाळीही काही नसेल तर १ मिनिट पळणं, १ मिनिट चालणं, २० मिनिटं, एक दिवसाआड. आठवडाभर तेवढंच. नंतर फक्त रविवार वाढवा, तोही अर्धा किलोमीटर, आणि दर चौथा आठवडा हलका ठेवा.

विजापूर रोड: माझी अडचण उन्हाची. एप्रिलमध्ये साडेसातला निघायचो. चौथ्या किलोमीटरला अंगावर काटा आला, डोकं गरगरलं, रस्त्याकडेला बसलो. आता साडेपाचला निघतो, घड्याळातला वेग बघत नाही. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढाच हिशेब. वजन मात्र उतरलं नाही, कुणाचं उतरलं का?

होटगी रोडकर: दाबून बघितलं, पट्टाच दुखतो, रात्री काही नाही. काल अर्धा तास चालले, आज सकाळी ठीक होतं. गुरुवारी १-१ मिनिटाने सुरू करते. असं अर्धा-अर्धा किलोमीटर वाढवत जानेवारीपर्यंत १० होत नाहीत, हिशेब करून पाहिला. स्पर्धेचे पैसे भरलेत. ५ किमीच्या गटात नाव बदलून देतात का, कुणी केलंय?

पहाटपळ्या: मी नाही केलं. आयोजकांना लगेच विचारा.