पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड, जुलै : नवख्यांसाठीच्या सुरक्षा-व्हिडिओत काय असावे?

रानवाट_पुणे
आमच्या गटातून यंदा जुलैत २२ जण पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर जाणार असून त्यांतले १४ जण पहिल्यांदाच गड चढणार आहेत. त्यांना आधी पाठवण्यासाठी आम्ही आठ मिनिटांचा व्हिडिओ तयार करत आहोत. त्यात सामानाची यादी आणि हवामानाची सूचना असेल. यादीत सध्या तळव्याला चांगली पकड असलेले बूट, दोन लिटर पाणी, सुका खाऊ, पोंचो, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी आणि ओळखपत्र एवढे धरले आहे. आणखी काय सांगावे?

गडप्रेमी_७७
यादीत तीस फूट दोर अवश्य घाला. पाचनईच्या वाटेवर आणि वर मंदिराच्या अलीकडे पाणी ओलांडावे लागते, तेव्हा दोराचे एक टोक कमरेला बांधून एकेकाला पलीकडे न्यावे. निघण्याच्या दिवशी हवामान खात्याचा अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याचा इशारा हिरवा असेल, तर निर्धास्त जावे.

कातळकडा
ओढ्याचा विषय आपण काढलात हे योग्यच झाले, कारण पावसाळ्यात या वाटेवरचा खरा धोका तोच आहे. मात्र दोर कमरेला बांधू नये. पाय निसटलेला माणूस ताणलेल्या दोराला अडकला, की पाण्याचा जोर त्याला खाली दाबतो आणि काठावरच्यांना तो ओढता येत नाही. वाहते पाणी गुडघ्याच्या वर असेल तर नवख्यांना घेऊन ते ओलांडायचेच नाही, आणि त्याहून कमी असले तरी सॅकचा कमरेचा पट्टा आधी सोडून ठेवायचा, म्हणजे पडल्यास सॅक टाकून देता येते.

इशाऱ्याबाबतही सावध राहावे लागेल. अहिल्यानगर जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेत येतो, पण हरिश्चंद्रगड अकोले तालुक्याच्या पश्चिम कडेला, ऐन घाटमाथ्यावर आहे. त्यामुळे जिल्ह्याच्या रंगाबरोबर पुणे आणि नाशिक घाटमाथ्यांसाठी दिलेले इशारेही पाहावेत, आणि सकाळी निघण्यापूर्वी पाचनईत फोन करून रात्रभर किती पाऊस झाला ते विचारावे.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सकाळी अकराला घोट्याएवढ्या पाण्यातून वर गेलो. दुपारी दोनच्या सुमारास वर मुसळधार पाऊस झाला आणि तीन वाजता परतताना तेच पाणी मांडीपर्यंत आले होते. पाणी चढते आहे हे त्याआधीच कळत होते : रंग गढूळ झाला होता, पाचोळा आणि काटक्या वाहून येत होत्या, आणि मघाशी दिसणारा काठाजवळचा दगड बुडाला होता. आम्ही मागे फिरून मंदिराजवळच्या गुहेत थांबलो. असे आखूड ओढे पाऊस थांबला की लवकर उतरतात. साडेपाचला पाणी गुडघ्याखाली आले आणि आम्ही अंधारात पाचनईला पोचलो. त्या अडीच तासांत दोन मुले थंडीने इतकी काकडली, की त्यांना नीट बोलता येईना. दोघांनीही जीन्स घातली होती आणि सुके कपडे कोणाकडेच नव्हते.

म्हणून आपली यादी चालण्यासाठी ठीक असली तरी थांबण्यासाठी अपुरी आहे. प्रत्येकाजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड, कानटोपी, एका जेवणाइतका जादा खाऊ, हात मोकळे ठेवणारा हेडटॉर्च आणि शिट्टी असावी. जीन्स नकोच. व्हिडिओत हे सामान नुसते दाखवू नका. ते सॅकमध्ये कसे भरायचे ते दाखवा.

अबोली_ठाणे
माझ्या मुलाच्या शाळेची सहल डिसेंबरात याच गडावर जाणार आहे. त्यालाही पोंचो आणि दोन जोड कपडे द्यावेत का? तो लवकर दमतो.

कातळकडा
डिसेंबरात ओढ्याची अडचण राहत नाही. त्याला तीन लिटर पाणी, उन्हाची टोपी आणि पहाटे-संध्याकाळसाठी स्वेटर द्या. कोकणकड्याच्या काठापासून मुलांना लांब ठेवण्याची जबाबदारी कोणावर आहे, हे शाळेला आधीच विचारा.

रानवाट_पुणे
आपल्या उत्तरामुळे यादी बदलत आहोत. घाटमाथ्याचा इशारा नारिंगी किंवा लाल असल्यास ट्रेक रद्द, हे ठरले. पिवळा असल्यास काय करावे?

गडप्रेमी_७७
दोराबद्दलची माझी समजूत चुकीची होती, हे मान्य. पण पिवळ्या इशाऱ्यावर रद्द करू लागलो, तर जुलैत एकही ट्रेक होणार नाही.

कातळकडा
अनुभवी सहा जण असते तर पिवळ्यावर मीही गेलो असतो. चौदा नवखे बरोबर असताना जाणार नाही, कारण एवढ्या जणांना एकेक करून पाणी ओलांडायला अर्धा तास लागतो आणि पाणी तेवढ्यात चढू शकते. यावर आमच्या गटातही एकमत नाही.

रानवाट_पुणे
मग पिवळा असल्यास पाचनईत पोचून पहिले पाणी पाहायचे, तेथेच निर्णय घ्यायचा आणि वर गेलोच तर दुपारी एकला परत फिरायचे, असे मांडतो. नवख्यांना थांबण्याचे ठिकाण कळावे म्हणून गुहेचे चित्रीकरण येत्या रविवारी करणार आहोत.

कातळकडा
त्याच दिवशी काठावरचा एखादा ठळक दगड निवडून त्याचाही फोटो घ्या. जाताना तो किती उघडा होता हे प्रत्येकाने पाहून ठेवले, तर परतताना पाणी मोजायला काठी लागणार नाही.