मदत हवी आहे: दुकानाच्या फोनवर पहिलं वाक्य काय ठेवू? लोक अर्ध्यातच फोन ठेवून राहिले

महालवाला
महालात कूलरचं दुकान आहे. फोन लागला की हे वाक्य येतं: "नमस्कार, अमुक कूलर्स अँड रिपेअरिंग सेंटर, महाल, नागपूर येथे आपले हार्दिक स्वागत आहे. आम्ही आपली काय सेवा करू शकतो?" तरी लोक ठेवून देतात. गोड, आपुलकीचं वाक्य सुचवा. आजच पाहिजे, सीझन चालू आहे.

धरमपेठकर
"येतं" म्हणजे काय? कोणी बोलतं की रेकॉर्डिंग आहे?

खामल्याची ताई
माझ्या बुटीकच्या फोनला मी गणपतीची धून लावली आहे. सगळे छान म्हणतात. तुम्ही पण लावा, भाऊ.

धरमपेठकर
ताई, ती फोन उचलायच्या आधी वाजते. त्यांचा प्रश्न उचलल्यानंतरचा आहे.

महालवाला
रेकॉर्डिंग आहे. ते संपलं की पुतण्या पंकज उचलतो अन् "हां, बोला" म्हणतो. मग लोक विचारतात, "कूलरवाले का?" आत्ताच तर नाव सांगितलं ना!

इतवारीचा राजू
नागपुरात अर्धे गिऱ्हाईक हिंदीत बोलतात. सुरुवात हिंदीत करा, प्रश्न मिटला.

हेडफोनवाला
नऊ वर्षं हेल्पलाइनसाठी अशी वाक्यं लिहितो आहे. भाऊ, "कूलरवाले का?" हीच खूण आहे की तुमचं नाव त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नाही. मी तुमचं वाक्य घड्याळ लावून वाचलं, साडेआठ सेकंद झाले. त्याच्या शेवटी प्रश्न आहे, म्हणून माणूस उत्तर देतो, "अहो, पंप पाणी फेकत नाही." पण तिकडे ऐकायला कोणीच नसतं. मग तो "हॅलो, हॅलो" करतो आणि ठेवतो. रेकॉर्डिंगच्या शेवटी प्रश्न कधीच ठेवू नये. दुकानात उचलणारा माणूस असेल तर रेकॉर्डिंग काढूनच टाका.

पुतण्याला हे शिकवा: "नमस्कार, अमुक कूलर्स, पंकज बोलतोय. कूलर दुरुस्तीचं आहे की नवीन घ्यायचाय?" नमस्कार आधीच हवा, कारण पहिला शब्द बरेचदा कापला जातो. तो नमस्कार गेला तर चालतं, दुकानाचं नाव जाऊ नये. "अँड रिपेअरिंग सेंटर, महाल, नागपूर" हे पाटीवर शोभतं, फोनवर कोणी ऐकत नाही.

इतवारीचा राजू
भाषेचं काय? मी तेच म्हणून राहिलो.

हेडफोनवाला
तुमचं अर्धं बरोबर आहे. आपण ज्या भाषेत उचलतो तीच पुढची भाषा ठरते, म्हणून हिंदीत उचललं की मराठी माणूसही हिंदीत बोलू लागतो. नमस्कार आणि दुकानाचं नाव दोन्हीकडे सारखंच आहे. प्रश्न मराठीत विचारा. उत्तर हिंदीत आलं तर पंकजने लगेच हिंदीत यावं.

इतवारीचा राजू
माझ्या दुकानात मराठीत उचललं तर काही गिऱ्हाईक "जी?" म्हणतात अन् सगळं दोनदा सांगावं लागतं. मला नाई पटत.

धरमपेठकर
महालवाला, एक दिवस वही घेऊन बसा आणि कोण कशासाठी फोन करतं ते लिहा. त्याशिवाय "दुरुस्ती की नवीन" हे बरोबर आहे की नाही ते कळणार नाही.

महालवाला
लिहिलं. काल 34 फोन. नवीन कूलर 6, दुरुस्ती 9, अन् 17 जण "सकाळी तक्रार दिली, माणूस अजून आला नाही" म्हणणारे. दोन चुकीचे नंबर.

हेडफोनवाला
मग मी दिलेला प्रश्न तुमच्यासाठी चुकीचा आहे, मागे घेतो. दोन पर्यायांचा प्रश्न तेव्हाच चालतो, जेव्हा जवळजवळ सगळे त्या दोनांत बसतात. सकाळपासून घामाघूम बसलेल्या माणसाला "नवीन घ्यायचाय का?" विचारलं तर तो तापणारच. असं म्हणा: "नमस्कार, अमुक कूलर्स, पंकज बोलतोय. बोला." आणि मग गप्प राहायचं. त्याचं एक वाक्य पूर्ण होऊ द्यायचं. तक्रारीचा फोन निघाला तर दुसरं वाक्य ठरलेलं हवं: "तक्रार कोणत्या नावानं दिली होती? वहीत बघून सांगतो." वही फोनशेजारीच हवी.

खामल्याची ताई
"बोला" तुटक नाही वाटत का? मला कोणी असं म्हटलं तर वाईट वाटेल.

धरमपेठकर
नुसतं "हां, बोला" तुटक वाटतं, ताई. आधी स्वतःचं नाव सांगितलं की नाही वाटत.

खामल्याची ताई
तरी मी "बोला ना, दादा" म्हणेन.

महालवाला
रेकॉर्डिंग काढलं. आज दुपारपर्यंत 15 फोन, "कूलरवाले का" एकानंच विचारलं. पण पुतण्या घाईत नाव खाऊन टाकतो, "नमस्कार अमुकूलर्स" असं ऐकू येतं. त्याला कसं शिकवू?

हेडफोनवाला
नमस्कारानंतर एक श्वास घ्यायला लावा. आणि एकदा त्याचंच बोलणं रेकॉर्ड करून त्याला ऐकवा.

महालवाला
आज रात्री दुकान बंद झाल्यावर ऐकवतो. माणूस वेळेवर पोचत नाही त्याचं काय करायचं, त्यासाठी वेगळा धागा काढतो.